टीमवर्क, क्रांती आणि अर्ध्या इंचाचा नळ

हॅकेथॉनमध्ये भाग घेतलेल्या प्रत्येक मुलाला आनंद झालेला असतो आणि तो नेहमी 'अत्यंत' असतो. नुसता आनंद झालेला विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही. हॅकेथॉन संपते, मुलं घरी जाऊन बारा-चौदा तास झोपतात आणि उठल्या उठल्या पोस्ट लिहितात. त्यात अत्यंत आनंद असतो, नम्रता असते, एक खडतर प्रवास असतो, जागून काढलेल्या रात्री असतात आणि प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वांचे आभार असतात. सोबत सहा जणांचा फोटो. त्यातले चार जण अंगठा दाखवतात, एक प्रमाणपत्र दाखवतो आणि एकाचे डोळे मिटलेले असतात. सगळं वाचून झाल्यावर कोणी विचारावं, की बाबांनो, तुम्ही बनवलं काय? तर ते सांगता येत नाही. काही लग्नपत्रिकांत आजोबा-पणजोबांपासून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'वाल्या चिमुकल्यांपर्यंत सगळ्यांची नावं असतात आणि नवऱ्या मुलाचं शोधावं लागतं, तसा हा मामला आहे.

मूळचा प्रकार असा नव्हता. हॅकेथॉन हा शब्द पहिल्यांदा वापरात आला १९९९च्या जूनमध्ये. ओपनबीएसडी नावाच्या प्रणालीवर काम करणारे दहाएक प्रोग्रॅमर कॅनडातल्या कॅलगरीला जमले. तिथे जमण्याचं कारणही रुक्ष होतं. सांकेतिक लिपीच्या सॉफ्टवेअरवर अमेरिकेच्या निर्यात कायद्याची बंधनं होती आणि कॅनडात बसून लिहिलं की ती कटकट टळत होती. ते बसले, कोड लिहिला आणि उठले. आपल्याकडे २०१७ साली स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली आणि तिने ३६ तासांचं माप घालून दिलं. टीम सहा जणांची आणि त्यात किमान एक मुलगी हवीच, असा तिचा नियम आहे. हा नियम ज्याने केला त्याला माझा नमस्कार. का ते पुढे येईलच.

त्याच साच्यातली एक हॅकेथॉन आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात झाली. त्यातल्या एका टीमचा लीडर आमच्या गारखेड्याच्या गल्लीतला. टीमचं नाव संस्कृत होतं आणि त्याच्या शेवटी इंग्रजी 'एक्स' लावलेला होता, यावरून टीम किती गंभीर होती ते समजावं. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या टेबलावर दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या, हे गल्लीला माहीत आहे. त्यामुळे पोरगा मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "काका, एवढं जरा बघून द्या ना. फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा, बाकी सगळं परफेक्ट आहे."

बाकी सगळं असं होतं:

"सांगायला अत्यंत आनंद होतो, की आमच्या टीमने ३६ तासांच्या हॅकेथॉनमध्ये टॉप १०मध्ये स्थान पटकावलं! (इथे रॉकेटचं चित्र.) पाणीटंचाई हे आज भारतासमोरचं फार मोठं आव्हान आहे. ही समस्या ओळखून आम्ही एक इनोव्हेटिव्ह, स्केलेबल, आयओटी-बेस्ड स्मार्ट सोल्युशन विकसित केलं, जे शहरी जलव्यवस्थापनात क्रांती घडवू शकतं. आमच्या प्रोटोटाइपने ९८ टक्के अ‍ॅक्युरसी मिळवली. हा प्रवास सोपा नव्हता. रात्री जागून काढल्या, चहाचे असंख्य कप रिकामे झाले. पण या प्रवासाने आम्हाला टीमवर्क, टाइम मॅनेजमेंट आणि कधीही हार न मानणं शिकवलं. आदरणीय प्राचार्य, विभागप्रमुख, को-ऑर्डिनेटर, मेंटॉर, ज्युरी आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही तर फक्त सुरुवात आहे!" (आणखी एक रॉकेट.)

ऱ्हस्व-दीर्घ खरोखरच बरोबर होते.

"टॉप १० म्हणजे एकूण टीम किती?" मी विचारलं.

"अकरा."

"मग अकरावी?"

"ते आलेच नाहीत, काका."

जुन्या सवयीने मी लाल पेन काढला आणि पोस्ट एका कागदावर उतरवून घेतली. वाक्य काढून दुसऱ्या कुठल्याही टीमच्या पोस्टमध्ये चिकटवलं आणि तिथेही ते शोभलं, तर त्याच्यावर काट. टेबलावर आम्ही हीच चाळणी लावायचो. 'मान्यवरांची मोठी उपस्थिती लाभली' हे वाक्य याच चाळणीतून गळायचं. पोरगा शेजारी बसून बघत होता. आनंद गेला, प्रवास गेला, चहा गेला, टीमवर्क गेलं. भारतासमोरचं आव्हान गेलं, कारण ते पिकांवर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या टीमलाही चाललं असतं. 'क्रांती'ला आपल्या शहरात एक अख्खा चौक दिलेला आहे, तेवढा पुरे. शेवटी कागदावर 'पाणी', '९८' आणि दोन रॉकेटं उरली.

"उद्या सगळ्यांना घेऊन ये," मी म्हटलं, "आणि ते यंत्रही आण."

दुसऱ्या दिवशी सहाही जण आले. यंत्र सुताराच्या डब्यासारख्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात होतं. ते काय करतं, असं विचारल्यावर लीडरने 'एंड-टू-एंड' असा सूर लावला, तेव्हा त्याला थांबवून मी कोपऱ्यात बसलेल्या मुलीला विचारलं, "हे सुचलं कुणाला?"

"मला. म्हणजे आजीमुळे," ती म्हणाली आणि तिथून पुढे मराठी सुरू झालं.

या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. पन्नासेक किलोमीटरवरून उपसून, फारोळ्याला शुद्ध करून, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवून मग ते गावात उतरतं. रोज उतरत नाही. कुठे चार दिवसांनी, कुठे आठवड्याने, आणि वेळ ज्याच्या-त्याच्या नशिबाची. बाहेरच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो हळहळतो. आम्ही मात्र साखरपुड्याची तारीख काढतानासुद्धा नळाचा दिवस कोणता ते आधी बघतो. या मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, हौद खाली तळमजल्याला. हौदावरून वरच्या टाकीत पाणी चढवायची मोटार. हौदाच्या नळाला पाणी आलं की कुणीतरी खाली जाऊन नळाला पाइप जोडायचा, हौदाचं झाकण उघडायचं, पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं आणि मग हौद भरायला लावायचा. पाणी बहुतेक रात्री येतं. म्हणून नळाच्या दिवशी आजी खालच्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसते. वय ७१, गुडघे दुखतात. दर अर्ध्या तासाने वरून कुणीतरी हाक मारतं, "आजी, पाणी यायलंय का?" आणि आजी झोपेतून उत्तर देते, "येईल तवा सांगते की!"

"हे पोस्टमध्ये का नाही?" मी विचारलं.

सहा जण एकमेकांकडे बघू लागले. मग लीडर म्हणाला, "काका, ते फार घरगुती वाटतं. ज्युरीला मोठा प्रॉब्लेम लागतो."

इथेच या मुलांना कुणीतरी चुकीचं शिकवलेलं असतं. प्रश्न जेवढा मोठा मांडाल तेवढं आपलं काम मोठं दिसेल, असं त्यांना वाटतं. घडतं उलटं. भारताची पाणीटंचाई एका बाजूला आणि प्लॅस्टिकचा डबा दुसऱ्या बाजूला ठेवला, की डबा केविलवाणा दिसतो. तोच डबा तिसऱ्या मजल्यावरची आजी आणि तळमजल्यावरचा नळ यांच्यामध्ये ठेवा, मग तो बरोबर त्या जागेत बसतो. प्रश्न लिहायचा तो कुणाला, कुठे, केव्हा आणि आत्ता तो माणूस काय करतो, एवढ्या मापाचा. 'आत्ता काय करतो' हा भाग सगळे विसरतात. ते विसरणं किती महागात पडतं, हे लवकरच कळणार होतं.

आधी ९८ टक्के. हा आकडा दहापैकी बहुतेक टीमांचा ९८च होता, असं मुलांनीच सांगितलं. एकीचा ९९.२ होता, पण त्यांना कुणी मनावर घेतलं नाही.

"९८ म्हणजे कशातले?"

"पन्नास वेळा टेस्ट केलं. ४९ वेळा अलर्ट आला. एकदा वायर निघाली होती."

"कुठल्या नळावर?"

"कॉलेजच्या टाकीच्या नळावर."

आता इथे थोडं यंत्रात शिरायला हवं. मुलांनी हौदाच्या अर्ध्या इंची नळाला बसणारा 'YF-S201' नावाचा सेन्सर वापरला होता. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो सर्रास दिसतो. आत बोटाएवढं पात्यांचं चक्र, त्यात लोहचुंबक. पाणी वाहिलं की चक्र फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात सेन्सर विजेच्या टिचक्या मारतो. दर मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर सेकंदाला साडेसात टिचक्या. म्हणजे सेकंदाला पंधरा टिचक्या मोजल्या की मिनिटाला दोन लिटर पाणी येतंय असं धरायचं. मिनिटाला तीस लिटरपर्यंतचं माप या सेन्सरला झेपतं. टिचक्या मोजायला एक छोटं वायफायवालं सर्किट. ते वरच्या मजल्यावरची घंटी वाजवतं आणि मोबाइलवर निरोपही पाठवतं. खर्च साडेसहाशे रुपये. मुलांच्या प्रोग्रॅमचा गाभा एका ओळीचा होता:

```
if (pulses > 15) ring();
```

टिचक्या पंधराहून जास्त, तर घंटी वाजव. हॅकेथॉन ३६ तासांची, कॉलेजच्या भागात पाण्याची पाळी सहा दिवसांनी. हे गणित ज्याने आखलं त्याला संभाजीनगर माहीत नसावं. त्या ३६ तासांत नळाला पाणी येणार नव्हतं, म्हणून मुलांनी गच्चीवरच्या टाकीचा नळ पन्नास वेळा उघडला आणि बंद केला. टाकीचा पाइप कायम भरलेला असतो. नळ उघडला की पाणीच येतं. म्हणजे त्या पन्नास चाचण्यांनी पाणी आल्यावर चक्र फिरतं, एवढंच सिद्ध केलं, जे मलिक अंबरच्या काळापासून या गावाला ठाऊक आहे.

"मग खऱ्या नळाला कधी लावलंच नाही?"

पुन्हा सगळे गप्प. मग मुलगी म्हणाली, "लावलं ना. नंतर आमच्या घरी. पण ते पोस्टमध्ये टाकायचं नाही असं ठरलं."

असं कुणी म्हणालं, की बातमीच्या टेबलावर माणूस खुर्ची पुढे ओढतो. मीही ओढली.

हॅकेथॉननंतरच्या पहिल्या पाळीला रात्री दोन चाळीसला घंटी वाजली. अख्खं घर उठलं. मुलीचे काका मोटारीपाशी, आई पाइप घेऊन, आजी गुडघे सावरत झाकणापाशी. नळातून फुस्स आवाज येत होता आणि पाण्याचा थेंब नव्हता. पाणी आलं तीन वाजून पाच मिनिटांनी. पुढच्या पाळीला घंटी वाजली, घर उठलं, फुस्स झालं आणि पाणी आलंच नाही. कुठेतरी वर काहीतरी फुटलं होतं आणि पाणी दुसऱ्या दिवशी सुटलं. त्यानंतर आजीने यंत्राला नातीदेखत जे म्हटलं, ते मी इथे छापत नाही.

झालं होतं असं, की चार-सहा दिवस पाणी नसलं की लाइन रिकामी होते आणि तिच्यात हवा भरते. पाणी सोडलं की ते त्या हवेला पुढे रेटत येतं आणि हवा मिळेल त्या नळातून बाहेर पडते. चक्राची पाती हलकी, त्यांना पाणी काय आणि हवा काय. मुलीने त्या रात्रीच्या नोंदी काढून पाहिल्या, तर सेकंदाला पाचशे पंचवीस टिचक्या. साडेसातने भागा, मिनिटाला सत्तर लिटर! सेन्सरची मजल तीसपर्यंत, आणि अर्ध्या इंचाच्या नळाला एवढं पाणी आमच्या गल्लीत स्वप्नातसुद्धा येत नाही. आकडा अशक्य दिसला तिथेच तिला कळलं, की हे पाणी नव्हे.

ज्या गावात काही शतकांपूर्वी नहरीचं पाणी खापरी नळांतून आणून पाणचक्की फिरवली, त्या गावात पोरांनी साडेसहाशे रुपयांत पवनचक्की बनवली होती.

लीडर अजून हरला नव्हता. "काका, तसं बघितलं तर पहिल्या वेळी पंचवीस मिनिटं आधी इशारा मिळाला. ते आपण प्रेडिक्टिव्ह फीचर म्हणून दाखवू शकतो." हा मुलगा पुढे मार्केटिंगमध्ये नाव काढेल. पण दुसऱ्या वेळी हवा आली आणि पाणी आलं नाही, त्यामुळे भविष्यवाणी तिथेच बुडाली.

उपाय मुलीनेच काढला. तीसच्या वरचा आकडा आला की दुर्लक्ष कर, असं सांगून भागलं असतं का, हे तिने आधी तपासलं. भागत नव्हतं, कारण हवेचा झोत सुरू होताना आणि सरताना मंद असतो आणि त्या वेळी त्याचा आकडा पाण्यासारखाच दिसतो. मग तिने नळाच्या तोंडाशी तांब्याच्या दोन तारा अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरावर बसवल्या. हवेतून त्यांच्यात वीज जात नाही, नळाच्या पाण्यातून जाते. चक्रही फिरतंय आणि ताराही ओल्या आहेत, असं असेल तरच घंटी:

```
if (pulses > 15 && wet) ring();
```

त्यातही तारांमध्ये सतत वीज सोडली तर तांबं हिरवं पडून झिजतं, हे आठवड्याने दिसलं. म्हणून चक्र फिरू लागल्यावरच तारांत क्षणभर वीज सोडायची, अशी दुरुस्ती झाली. त्यानंतर पाण्याच्या पाच पाळ्या आल्या आणि पाचही वेळा पाणी आल्यावर घंटी वाजली.

"अरे, मग तुम्ही शिकलात ते हेच की!" मी म्हटलं. "टीमवर्क कसलं लिहिता?"

"पण काका," लीडर कळवळून म्हणाला, "आमचं यंत्र फसलं होतं, असं आपणच कसं लिहायचं? कंपन्यांचे लोक वाचतात."

मी त्याला विचारलं, की कंपनीत तू मुलाखत घ्यायला बसलास आणि समोर दोन पोरं आली. एक म्हणतो, मी कधीही हार मानली नाही. दुसरा म्हणतो, आकडा सत्तर आला तेव्हा मला संशय आला, कारण सेन्सरला तीसपर्यंतचंच माप झेपतं. कोणाला घेशील? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दुसऱ्याला. पण तो आमच्यातला नाही, ती आहे." हे वाक्य पोस्टमध्ये घालता आलं नाही याची मला खंत आहे.

शिकलो म्हणून जे लिहायचं त्याला एक घडण लागते: आधी आम्हाला काय वाटत होतं, मग काय दिसलं, मग आम्ही काय बदललं. या तिन्हींपैकी पहिलं गाळलं की उरलेली दोन उपदेशासारखी वाटतात. 'भरलेल्या पाइपवर घेतलेली चाचणी रिकाम्या पाइपला लागू होत नाही,' हे एकटं वाक्य भिंतीवरच्या सुविचारासारखं आहे. आधी ९८ टक्क्यांची फुशारकी यायला हवी, मग रात्री दोन चाळीसची फुस्स.

पाच पाळ्यांनी मुलं खूश होती. मी विचारलं, "कशापेक्षा चांगलं?"

"म्हणजे?"

"आजी आधी काय करायची? ती रात्रभर डोळे उघडे ठेवून तर बसत नसेल."

मुलगी हसायला लागली. "आजी नळ उघडा ठेवून त्याखाली स्टीलचा डबा पालथा घालते. पाणी पडलं की तडतड वाजतं, की तिला जाग येते."

बाकीचे पाच जण तिच्याकडे पाहतच राहिले. हा डबा त्यांनी आपल्या घरातही पाहिला होता; निम्म्या शहरात तो आहे. मग आम्ही दोन्ही यंत्रांची तुलना मांडली. डब्याचा खर्च शून्य. डब्याला वीज लागत नाही. आणि खरी मेख म्हणजे डबा हवेने वाजत नाही. म्हणजे टॉप १०मध्ये स्थान पटकावलेलं यंत्र आजीच्या डब्यापेक्षा वाईट होतं, आणि तारा बसवल्यावर कुठे ते डब्याच्या बरोबरीला आलं.

"मग आपण केलं काय?" एक जण रडवेल्या आवाजात म्हणाला.

केलं होतं, पण ते नेमकं शोधावं लागलं. डबा वाजतो तो खालीच ऐकू येतो. तिसऱ्या मजल्यावर नाही. म्हणून तर आजीला खाली झोपावं लागतं. यंत्राची घंटी वर वाजते. त्या पाच पाळ्यांत आजी पाचही रात्री वर, आपल्या पलंगावर झोपली होती. निकाल हाच. टक्का नाही, स्थान नाही. एक ७१ वर्षांची बाई पाच रात्री खुर्चीत बसली नाही. ज्याचा नळ स्वयंपाकघरातच आहे त्याला हे यंत्र काही कामाचं नाही, त्याने डबाच वापरावा. हेही लिहायचं ठरलं, तेव्हा लीडरने डोक्याला हात लावला.

आभारांवर सर्वांत जास्त वेळ गेला. प्राचार्य आणि विभागप्रमुख काढायला कुणाची छाती होईना. इंटर्नलचे मार्क अजून यायचे होते. मी म्हटलं, ज्याचे आभार मानायचे त्याने काय केलं तेही लिहा. लॅब असिस्टंटने रात्री एक वाजता कुलूप उघडून सोल्डरिंग गन दिली. मेंटॉर सरांनी टाकीचा नळ मिळवून दिला. विभागप्रमुखांनी काय केलं? "उद्घाटन," मुलं एकमुखाने म्हणाली. लिहिलं.

फोटो बदलला. अंगठेवाला काढून हौदाच्या नळाचा टाकला, तांब्याच्या तारा दिसतील असा. आणि नवा मजकूर असा झाला:

"नळाच्या दिवशी आमच्या टीममधल्या एकीची ७१ वर्षांची आजी रात्रभर तळमजल्यावर खुर्चीत बसायची. घर तिसऱ्या मजल्यावर, हौद खाली. पाणी सहा दिवसांनी येतं आणि वेळ ठरलेली नसते. नळाला पाणी आलं की वरच्या मजल्यावर घंटी वाजेल, असं साडेसहाशे रुपयांचं यंत्र आम्ही हॅकेथॉनमध्ये बनवलं. तिथे पन्नासपैकी ४९ वेळा ते बरोबर वाजलं. पण ती चाचणी टाकीच्या भरलेल्या पाइपवर होती. खऱ्या नळाला लावल्यावर पहिल्या दोन्ही पाळ्यांना ते पाण्याआधी येणाऱ्या हवेनेच वाजलं. नोंदीत मिनिटाला ७० लिटरचा आकडा दिसला, सेन्सरला ३०पर्यंतचंच माप झेपतं, त्यावरून चूक कळली. आता चक्र फिरतंय आणि नळाच्या तोंडाच्या दोन तारा ओल्या आहेत, असं असेल तरच घंटी वाजते. त्यानंतरच्या पाचही पाळ्यांना ती बरोबर वाजली आणि आजी वर झोपल्या. वीज गेली की यंत्र बंद पडतं. नळ घरातच असेल तर त्याखाली पालथा घातलेला स्टीलचा डबा हेच काम फुकट करतो. हॅकेथॉनमध्ये आम्ही ११ टीमपैकी टॉप १०मध्ये होतो. रात्री एकला लॅब उघडून देणारे लॅब असिस्टंट, टाकीचा नळ मिळवून देणारे मेंटॉर सर आणि उद्घाटन करणारे विभागप्रमुख यांचे आभार."

एका रॉकेटवर तडजोड झाली. ते शेवटी ठेवलं.

पोस्ट टाकायच्या आधी मुलीने ती घरी दाखवली. आजी चष्मा लावून वाचत गेली आणि डब्याच्या वाक्यापाशी समाधानाने मान हलवली. त्याच वेळी सेन्सरचा सांधा ज्यांनी बसवून दिला होता ते प्लंबर चाचा बिलाचे पैसे न्यायला आले होते. जुन्या पोस्टमधल्या 'स्केलेबल' आणि 'इनोव्हेटिव्ह'वर त्यांनी नजरही टाकली नसती. ही मात्र त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचली, कारण हिच्यात अर्ध्या इंचाचा नळ होता. वाचून झाल्यावर म्हणाले, "सब ठीक है बेटा, पर पानी जाने के बाद बजती क्या ये?"

मुलगी थबकली. एकदा वाजली होती. तिसऱ्या पाळीला, पाणी गेल्यावर दहा मिनिटांनी. पाणी परत आलं असेल, असं समजून कुणी मोजलंच नव्हतं.

चाचांनी भिंतीपलीकडे बोट दाखवलं. शेजाऱ्यांनी नळाला थेट मोटार लावलेली आहे. लाइनमधलं पाणी संपत आलं की ती मोटार आजूबाजूच्या उघड्या नळांतून हवा ओढते. म्हणजे आजीच्या नळातून हवा आत जाते आणि चक्र उलटं फिरतं. त्या सेन्सरच्या अंगावर बाणाची खूण असते, पण टिचक्या मोजताना चक्र कुठल्या दिशेने फिरतंय हे त्याला कळत नाही. आणि पाणी नुकतंच गेलेलं, त्यामुळे तारा ओल्याच. चक्र फिरतंय, तारा ओल्या आहेत, वाजव घंटी.

मुलीने तिथूनच लीडरला फोन लावला. तो आधी काकुळतीला आला, मग चिडला, मग म्हणाला, "अगं, पण मग अ‍ॅक्युरसी किती टक्के लिहायची?"

"टक्के नाही लिहायचे. पाच वेळा पाणी आल्यावर वाजली, एकदा पाणी गेल्यावर. शेजारच्या मोटारीमुळे. आणि यावर अजून उपाय सापडलेला नाही."

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. ती दोन वाक्यं त्याने स्वतः घातली होती, आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकवले नव्हते. पोस्ट लांबली म्हणून काहीतरी कापायला हवं होतं, तर त्याने न विचारता टॉप १०चं वाक्य काढून टाकलं होतं. रॉकेट मात्र होतं तिथेच होतं.